सण न पाळणाऱ्या मित्राला शुभेच्छा कशा द्याव्यात

माझा एक मित्र कोणताच सण पाळत नाही. आमची ओळख अकरा वर्षांची आहे आणि त्यातली पहिली तीन-चार वर्षं मी त्याला दर सणाला चुकीचे मेसेज पाठवले. तो रागावला नाही, कधी काही बोललाही नाही, फक्त 'धन्यवाद' लिहायचा. त्या एका शब्दामागे काय आहे हे समजायला मला वेळ लागला. तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल आणि सण जवळ आला की 'याला काय लिहू?' म्हणून तुमचं बोट मोबाईलवर अडत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी जी वाट चाचपडत शोधली ती इथे क्रमाने मांडते.

आधी हाताशी काय घ्यायचं

फार काही लागत नाही. त्या मित्राबरोबरचं तुमचं जुनं संभाषण उघडा आणि मागच्या दोन-तीन सणांना तुम्ही काय लिहिलं, त्याने काय उत्तर दिलं ते वाचून काढा. सणाचे मेसेज तुम्ही एकगठ्ठा पाठवत असाल तर ती ब्रॉडकास्ट यादी उघडून त्याचं नाव तिच्यातून आत्ताच काढा. हे राहिलं तर पुढचं सगळं वाया जातं, कारण तुम्ही विचार करून लिहिलेल्या चार ओळींच्या आधी त्याच्याकडे तुमचंच झगमगीत चित्र पोचलेलं असतं. तिसरी गोष्ट म्हणजे गेल्या वर्षभरात तुमच्या दोघांत घडलेला एखादा खरा प्रसंग आठवून ठेवा. तो चौथ्या पायरीवर लागेल.

१. तो सण का पाळत नाही ते समजून घ्या

'सण न पाळणारे' असा एकच गट नसतो. कारण बदललं की कोणता शब्द चालेल आणि कोणता खटकेल तेही बदलतं.

कुणी विचारपूर्वक नास्तिक असतो. त्याला माणसांचं एकत्र येणं आवडतं, पण वाक्यात देव आला की ते वाक्य त्याच्यासाठी बंद होतं. कुणी उलट अतिशय धार्मिक असतो आणि म्हणूनच सण पाळत नाही. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे लोक नाताळ साजरा करत नाहीत, ईस्टर नाही आणि वाढदिवसही नाही. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधले पहिले क्वेकर म्हणायचे की सगळे दिवस सारखेच पवित्र आहेत, मग एखादा वेगळा कशाला काढायचा? (आजचे अनेक क्वेकर साधेपणाने नाताळ साजरा करतात, त्यामुळे पंथाच्या नावावरून माणसाबद्दल अंदाज बांधू नका.) आणि कुणी तत्त्व म्हणून काहीच सोडलेलं नसतं. घरातलं माणूस गेल्यापासून त्याला तो दिवस नकोसा झालेला असतो, एवढंच.

या तिघांना एकच वाक्य पाठवता येत नाही. नास्तिक मित्राला 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' आनंदाने चालतील, यहोवाच्या साक्षीदाराला त्याही नकोत. म्हणून 'सणाचं राहू दे, निदान वाढदिवसाला तरी लिहू' ही पळवाट सरसकट वापरू नका. त्यांच्यात लग्नाचा वाढदिवस मात्र चालतो. म्हणजे अंदाजापेक्षा विचारलेलं बरं.

विचारायचं एकदाच, आणि सण महिनाभर तरी लांब असताना. सणाच्या तोंडावर विचारलं तर त्याला वाटतं की आता आपल्याला बाजू मांडावी लागणार. 'तू सण का पाळत नाहीस?' असं तर मुळीच विचारू नका, कारण या प्रश्नाला उत्तर म्हणून कैफियतच द्यावी लागते. मी असं विचारलं होतं: 'सणाला मी तुला मेसेज करते, तो तुला बरा वाटतो की नको वाटतो? नको असेल तर सरळ सांग, मी दुसऱ्या एखाद्या दिवशी करत जाईन.' यात दोन्ही उत्तरं सोपी आहेत, आणि नकार आला तरी आपलं बोलणं सुरूच राहणार हे त्याला आधीच कळतं. कारण सांगायचं की नाही हे त्याच्यावर सोडा. माझ्या मित्राने तीन वाक्यांत सांगितलं आणि विषय बदलला. मीही बदलू दिला.

२. नेहमीचं वाक्य सोडवून पाहा

माझा जुना मेसेज असा होता: 'तुला आणि तुझ्या परिवाराला सणाच्या मंगलमय शुभेच्छा! ईश्वर तुमच्या सर्व मनोकामना पूर्ण करो.' लिहिताना यात काही टोचेल असं मला वाटलं नव्हतं. आता त्याच्या बाजूने वाचून बघू.

पहिली अडचण देणाऱ्याची. 'ईश्वर' उघड आहे, तो काढता येतो. पण 'पूर्ण करो', 'लाभो', 'नांदो' या रूपांतही कुणीतरी वरून देणारा गृहीत असतो. हे आशीर्वादाचं क्रियापद आहे. ते म्हणणारा किंचित उंचावर उभा राहतो आणि ऐकणारा हात पुढे करतो. वडीलधाऱ्यांनी म्हटलं तर शोभतं, बरोबरीच्या नास्तिक मित्राला मात्र ते परकं वाटू शकतं. त्याऐवजी इच्छा स्वतःच्या नावावर घ्या: 'तुझं नवीन काम मार्गी लागावं असं मनापासून वाटतं.' इथे वाटणारी मी आहे, मधे कुणी नाही.

दुसरी अडचण 'मंगल' आणि 'शुभ' या शब्दांची. 'शुभ' म्हटलं की त्याच्या मागे 'अशुभ' उभं असतं. रोजच्या बोलण्यात 'शुभेच्छा' हा शब्द इतका घासून गुळगुळीत झालाय की बहुतेक नास्तिकांनाही तो खटकत नाही, आणि माझं मतही तो टाकून द्यावा असं नाही. पण मुहूर्त, शकुन यांबद्दल ज्याला ठाम आक्षेप आहे त्याच्यासाठी 'सदिच्छा' हा चांगला शब्द हाताशी आहे. सत् आणि इच्छा, म्हणजे चांगली इच्छा. 'मंगलमय', 'पावन', 'पवित्र' ही विशेषणं मात्र सरळ गाळा. ती गेल्याने वाक्याचं काही अडत नाही.

तिसरी अडचण सर्वात मोठी, आणि ती शब्दापेक्षा गृहीतकात आहे. 'तुझा सण आनंदात जावो' या वाक्यात त्याचा एक सण आहे हे आधीच ठरवलेलं असतं. असं गृहीत धरलेलं खोडणं अवघड असतं. तो 'नाही' म्हणाला तर ते आनंदाला 'नाही' म्हटल्यासारखं ऐकू येतं. म्हणून तो वाद न घालता 'धन्यवाद' लिहितो.

३. 'आपण' आणि 'आम्ही' यांतला फरक कामी आणा

इथे मराठी आपल्याला एक सोय देते. हिंदीतल्या 'हम'मध्ये किंवा इंग्रजीतल्या 'वी'मध्ये ऐकणारा धरलाय की नाही हे कळत नाही. मराठीत कळतं. 'आपण' म्हटलं की ऐकणारा आत, 'आम्ही' म्हटलं की तो बाहेर. गुजराती, तेलुगू आणि तमिळमध्येही हा भेद आहे.

समावेशक लिहायचं म्हणून आपला हात आपोआप 'आपण'कडे जातो: 'आपला सण', 'आपण सगळे मिळून साजरा करू या'. व्याकरणाने हे सर्वांना सामावणारं आहे, पण सण न पाळणाऱ्या माणसाला त्यात न विचारता आत ओढलं जातं. उलट 'आमच्याकडे चार दिवस सणाची गडबड आहे' हे वाक्य व्याकरणाने त्याला बाहेर ठेवतं आणि तरीही जास्त सन्मानाचं आहे, कारण सण कुणाचा हे ते खरं खरं सांगतं. त्याला काही नाकारावं लागत नाही.

मग 'आपण' कुठे वापरायचं? जिथे दोघं खरंच एकत्र आहात तिथे. 'सणाची आमची गडबड संपली की आपण भेटू.' सणापुरतं 'आमची', भेटीपुरतं 'आपण'. माझ्या अनुभवात या एका बदलाने जेवढं काम होतं तेवढं बाकी सगळे शब्द बदलूनही होत नाही.

४. मेसेज लिहा: माझे चार प्रयत्न

पहिला प्रयत्न वर दिलाच आहे. त्याला उत्तर आलं, 'धन्यवाद'.

दुसऱ्या वर्षी, कुणाकडून तरी तो सण पाळत नाही हे कळल्यावर, मी लिहिलं: 'तू सण वगैरे मानत नाहीस हे माहीत आहे, पण तरीही माझ्याकडून शुभेच्छा!' मला ते मोकळेपणाचं वाटलं होतं. उत्तरात नुसता हात जोडलेला इमोजी आला. चूक 'पण तरीही'मध्ये होती. या दोन शब्दांचा अर्थ असा होतो की तुझं म्हणणं मला ठाऊक आहे आणि मी ते ओलांडतेय. शिवाय 'मानत नाहीस' म्हणून मी मेसेजची सुरुवातच त्याच्या नकाराने केली होती. सण न पाळणं ही त्याच्या आयुष्यातली एक साधी बाब आहे. तिची त्याला दरवर्षी आठवण करून देण्याचं मला काही कारण नव्हतं.

तिसऱ्या वर्षी मी काहीच पाठवलं नाही. मला वाटलं, हाच खरा आदर. दोन महिन्यांनी भेटलो तेव्हा त्याने विचारलं, 'माझं काही चुकलं का? यंदा तुझा मेसेजसुद्धा नाही.' त्या प्रश्नाने मी हलले. मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांनी १९२३ साली एक गोष्ट मांडली होती: आपलं बरंचसं बोलणं माहिती देण्यासाठी नसतंच, नमस्कार-चमत्कार, हवापाणी, 'बरं आहे ना' हे सगळं नातं जागं ठेवण्यासाठी असतं. सणाचा मेसेज त्याच जातकुळीतला. माझ्या मित्राला सण नको होता, पण वर्षाकाठी येणारी माझी हाक त्याला हवी होती. मी सणाबरोबर हाकही बंद केली होती.

चौथ्या वर्षी हे लिहिलं:

'आमच्याकडे चार दिवस सणाच्या पाहुण्यांची गडबड आहे, त्यात आज तुझी आठवण झाली. मार्चमध्ये बाबा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा तू रात्रभर माझ्याबरोबर बसला होतास, ते मी विसरलेले नाही. तुझा प्रबंध यंदा पुरा व्हावा असं फार वाटतं. पुढच्या मंगळवारी संध्याकाळी आपण भेटू या का?'

यात काय आहे ते बघा. पहिल्या वाक्यात माझं घर 'आमच्याकडे' म्हणून आलं आणि सण लपवलाही नाही, लादलाही नाही. दुसऱ्यात एक खरा प्रसंग आहे, महिन्यासकट. असा प्रसंग असला की हा मेसेज शंभर जणांना गेलेला नाही हे वेगळं सांगावं लागत नाही. तिसऱ्यात इच्छा आहे, पण ती त्याच्या स्वतःच्या कामाबद्दल आणि माझ्या नावावर. 'सुख, शांती, समृद्धी' या तिघी कुणालाही पाठवता येतात, प्रबंध फक्त त्याचाच आहे. चौथ्यात 'आपण' आहे आणि वार आहे. 'कधीतरी भेटू' म्हटलं असतं तर त्याला उत्तर द्यायला काही उरलं नसतं.

पंधरा मिनिटांत उत्तर आलं: 'मंगळवारी नाही जमणार, बुधवारी ये. आणि तुमचा सण मजेत जाऊ दे.' त्याने 'तुमचा' लिहिलं होतं. मी 'आमच्याकडे' म्हणून जी रेघ ओढली होती तिच्या पलीकडे उभं राहून त्याने आपणहून हात हलवला होता.

हे चार भाग कायम ठेवून तुमचे शब्द घाला. माझा मेसेज जसाच्या तसा उचलू नका, त्याने काम होणार नाही. आणि मित्राचं कारण शोकाचं असेल तर तिसरा भाग गाळा. तिथे 'आजचा दिवस तुला जड जात असेल, मी आहे, फोन करावासा वाटला तर कर' एवढंच पुरतं. त्या दिवशी त्याला कुठल्याही आनंदाची इच्छा कळवू नका.

५. पाठवण्याची वेळ

सणाच्या सकाळी प्रत्येकाच्या मोबाईलवर मेसेजचा पूर येतो आणि तुमचा मेसेज त्या पुराचाच भाग म्हणून वाचला जातो. मी आदल्या दोन-तीन दिवसांत किंवा सण उलटल्यावर पाठवते. शोकातल्या मित्राचा अपवाद, त्याला त्याच दिवशी हाक द्यावी, कारण अवघड तोच दिवस असतो.

'सुट्टी मजेत घालव' हे सुरक्षित वाटणारं वाक्य पाठवण्याआधी एक खात्री करा. सण न पाळणारी माणसं बऱ्याचदा त्या दिवशी कामावर असतात. सहकाऱ्यांना सुट्टी मिळावी म्हणून पाळी त्यांनीच घेतलेली असते. इंग्रजीतलं 'हॅपी हॉलिडेज' सर्वांना चालतं असं म्हणतात, पण त्यातही सुट्टी आणि साजरं करणं दोन्ही गृहीत आहेच. तो कामावर असेल तर लिहिण्यासारखी सर्वात खरी गोष्ट तीच आहे: 'तू पाळी घेतलीस म्हणून मला घरी राहता आलं. पुढच्या महिन्यात तुला हवा तो दिवस सांग, मी येईन.' आणि मग खरोखर जा.

६. प्रत्यक्ष भेटल्यावर आणि ग्रुपवर

सणाच्या दिवशी तो समोर आला तर नवीन वाक्य शोधू नका. नेहमी जसे भेटता तसे भेटा, 'काय म्हणतोस, कसा आहेस?' पुरे. चारचौघांत सगळे एकमेकांना शुभेच्छा देत असताना त्याच्यापाशी येऊन 'अरे हो, तू तर पाळत नाहीस' असं म्हणून थांबणं सर्वात वाईट. सगळ्या माना त्याच्याकडे वळतात आणि न मागितलेली ओळख त्याच्यावर येऊन पडते.

ग्रुपवर लिहिताना सगळ्यांच्या नावांची माळ लावू नका. 'जे साजरा करत आहेत त्यांना सणाच्या शुभेच्छा, आणि बाकी सगळ्यांना भेटण्याची ओढ' असं एकदा लिहून मोकळे व्हा. त्यात कुणाचं नाव येत नाही आणि कुणी सुटतही नाही.

घरी बोलवायचं असेल तर काय होणार आहे ते आधी सांगा. 'सात वाजता पूजा आहे, साडेआठला आम्ही सगळे गप्पा मारत बसू, तू कोणत्याही वेळी ये' असं सांगितलं की कधी यायचं ते तो स्वतः ठरवतो. 'नुसतं येऊन बस, काही करू नकोस' म्हणून बोलवायचं आणि मग सगळ्यांबरोबर उभं राहायला लावायचं, हे एकदा घडलं की पुढच्या वर्षी तो काहीतरी निमित्त काढतो.

७. चुकलं हे कसं ओळखायचं, आणि मग काय करायचं

एका शब्दाचं उत्तर, नुसता इमोजी, किंवा एरवी लगेच उत्तर देणाऱ्याचं दुसऱ्या दिवशी आलेलं 'थँक्स' या खुणा आहेत. एकदा घडलं तर मनावर घेऊ नका, माणूस कामात असतो. दोन-तीन सणांना तेच होत असेल तर तुमची वाक्यं पुन्हा वाचा. उत्तरात एखादा प्रश्न आला, भेटीचा वार आला, की समजा मेसेज पोचला.

चूक कळल्यावर लांबलचक माफी लिहू नका, कारण मग त्याला तुमची समजूत घालावी लागते. 'मागचा मेसेज मी विचार न करता पाठवला, पुढे लक्षात ठेवीन' एवढं लिहून दुसऱ्या विषयावर या. आणखी एक मोह टाळा: 'सण म्हणजे धर्म नाही रे, ती संस्कृती आहे' हे पटवून देणं. त्याने हे शंभरदा ऐकलेलं असतं आणि शुभेच्छेचा मेसेज ही त्यावर वाद घालण्याची जागा नव्हे.

८. त्याचे दिवस कॅलेंडरमध्ये टाका

सण न पाळणाऱ्याच्या वर्षातही मोठे दिवस असतात. कुणी दारू सोडली तो दिवस, प्रबंध जमा करायची तारीख, आई गेली ती तारीख. बोलता बोलता असा दिवस कानावर आला की लगेच मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये नोंदवून ठेवा, दरवर्षी पुन्हा येईल असा. नोंद करताना त्याच्यापुढे काय लिहायचं तेही दोन शब्दांत टिपा, वर्षभराने संदर्भ आठवत नाही.

माझ्या मित्राच्या नावापुढे सध्या दोन तारखा आहेत. एक प्रबंधाची. दुसरी त्याने स्वतः सांगितली, त्या बुधवारी, निघता निघता: 'ज्या दिवशी मी पहिल्यांदा एकट्याने डोंगर चढलो ना, तो दिवस मी दरवर्षी एकटाच साजरा करतो. त्या दिवशी लिही.' मी दारातच उभी राहून तारीख टिपून घेतली.